एकाने दगा दिला, आता कुणाचाच भरवसा वाटत नाही

टर्निंगवाला

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवतो. वय ५२.

शाळेपासूनचा एक मित्र होता. एकच पेठ, एकच तालीम. माझे वडील सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट होते तेव्हा रात्र रात्र बाकड्यावर बसून राहिलेला माणूस. त्याने धंद्यासाठी एका पतसंस्थेतून १२ लाखांचं कर्ज काढलं आणि मी जामीनदार म्हणून सही केली. पुढे हप्ते थकले. संस्थेची माझ्या नावची पत्रं आमच्या जुन्या घराच्या पत्त्यावर जात होती, कारण फॉर्मवर तो पत्ता त्यानेच लिहिला होता. तिथल्या भाडेकरूंकडून 'मी देतो त्याला' असं सांगून ती पत्रं तोच घेऊन जायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या शॉपवर येऊन माझ्याबरोबर चहा प्यायचा. वसुली अधिकारी दारात उभे राहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. एक प्लॉट विकला, बायकोच्या पाटल्या गुजरीत सराफाकडे गेल्या, आणि मी सगळं भरलं.

पैसे गेल्याचं दुःख आता मागे पडलंय. प्रश्न वेगळाच आहे. त्यानंतर मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. शॉपमध्ये कॅमेरे बसवले. कटिंग टूलला लागणाऱ्या इन्सर्टची डबी मी स्वतः मोजून देतो आणि रात्री मोजून घेतो. कुणी गोड बोललं की पहिला विचार येतो, याला आता काय पाहिजे? भावाचा फोन आला तरी तेच. फुटबॉलचा सीझन चालू झाला की शाहू स्टेडियमवर माझी जागा ठरलेली असायची, ती सोडली. लग्नकार्याला बायको एकटी जाते. घरातही कमीच बोलतो.

आणि आता माझ्याकडचा सर्वांत जुना ऑपरेटर काम सोडतोय. परवा मशीन बंद करून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, तुमच्या कॅमेऱ्याचा मला काही त्रास नाही. पण मी जेवायला बसलो की तुम्ही माझ्या कपाटाला किल्ली लावून आत बघता, ते मला दिसतं." मी काहीच बोलू शकलो नाही.

मला एवढंच विचारायचंय. एवढं सोसल्यावर माणसाने सावध राहायचं नाही तर काय करायचं? आणि सावध राहणं बरोबर असेल तर इतकं एकटं का वाटतं?

कसबा_बावडा

जामीनदार म्हणून तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८. त्यामुळे संस्थेने तुमच्याकडून वसूल केलं यात कायद्याने काही वावगं नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतला असणार. पण तुम्ही भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, कलम १४५ बघा. मुदत तीन वर्षांची असते आणि जामीनदाराने पैसे भरले तिथून ती मोजतात. पावत्या घेऊन वकिलाला भेटा. पत्रं परस्पर नेल्याचं भाडेकरू सांगायला तयार असतील तर त्यांचं म्हणणं आत्ताच लेखी घेऊन ठेवा.

निशिगंध७

बावडाकर, त्यांनी पैशाबद्दल विचारलेलंच नाही हो.

पेठेतला_गडी

दादा, वाचून लई वाईट वाटलं. पण मी म्हणतो, माफ करून टाका. मनात धरून ठेवलं की त्रास आपल्यालाच होतोय. आमच्या मामानं असंच केलं, भावकीत जमिनीवरनं दगा झालता. जोतिबाला जाऊन आला, म्हणाला सोडलं सगळं. आता निवांत हाय. तुम्ही पुन्हा मॅचला यायला लागा की. दोस्तमंडळी भेटली की आपोआप सुटतंय सगळं.

शिरोली_एमआयडीसी

मीही कारखानदार आहे. सरळ सांगतो, तुमचं काही चुकत नाही. कॅमेरा सगळीकडे असतो, इन्सर्टचा हिशेब सगळीकडे असतो. एक बरा इन्सर्ट शे-दोनशेच्या पुढेच जातो, मोजणार नाही तर काय करणार? व्यवहार लेखी ठेवा, भावना बाजूला ठेवा. विश्वास हा शब्दच धंद्यातून काढून टाका. मी तसाच वागतो आणि सुखात आहे. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावंच लागतं.

टर्निंगवाला

@शिरोली_एमआयडीसी, तुमच्याकडचा ऑपरेटर जेवत असताना तुम्ही त्याच्या कपाटाला किल्ली लावून आत बघता का?

शिरोली_एमआयडीसी

नाही. ते नाही करत. महिन्याला स्टॉक मोजतो, फरक आला तर विचारतो, नाही आला तर विषय संपला.

कळंबा_तलाव

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते, कोल्हापुरातच बरीच वर्षं केलं. नाव लिहीत नाही. टर्निंगवाले दादा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शिरोलीकरांच्या शेवटच्या ओळीत आहे. ते मोजतात आणि मग त्यांचं मोजणं संपतं. तुमचं संपत नाही. फरक तिथे आहे, कॅमेऱ्यात नाही.

सावध माणसाला विचारलं की 'या माणसाबद्दल तुझी खात्री कशाने पटेल', तर तो काहीतरी ठरावीक सांगतो. सहा महिने स्टॉक जुळला, पुरे. तुम्ही स्वतःला विचारून बघा, तुमच्या ऑपरेटरने नेमकं काय केलं म्हणजे तुम्ही किल्ली लावून बघणं थांबवाल? बहुतेकांना याचं उत्तरच सुचत नाही. कपाट रिकामं निघालं तर मन म्हणतं, आज नाही घेतलं. डबी पूर्ण निघाली तर मन म्हणतं, त्याला माहीत आहे मी मोजतो. म्हणजे चांगलं वागलेलं जमेला धरायचंच नाही आणि जरा कमी-जास्त झालं की लगेच खर्ची मांडायचं. अशा वहीत कुठल्याच माणसाचं खातं कधी जमेत येणार नाही, मग तो कितीही सरळ असो. ताक फुंकून पिणारा माणूस निदान ताक पितो. तुमचं ताक बंदच झालंय.

आता एकटं का वाटतं. माणसाला धोका वाटला की तो मागे सरतो. मागे सरला की समोरची माणसं हळूहळू बोलावणं कमी करतात, फोन कमी करतात. मग त्यालाच पुरावा मानून मन म्हणतं, बघ, कुणाला काही पडलेली नाही. जॉन कॅसिओप्पो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकटेपणावर बरीच वर्षं काम केलं. त्याचं म्हणणं असं की एकटं पडलेल्या माणसाचं मन चेहऱ्यांत, बोलण्यात धोका जास्त शोधू लागतं, आणि त्यामुळे तो आणखी मागे जातो. आपण सावध आहोत म्हणून एकटे पडलो असं तुम्हाला वाटतं. पण आता एकटेपणाच तुमचा संशय पोसायला लागला आहे.

पण मला यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं ते तुम्ही सहज लिहून गेलात. 'कुणी गोड बोललं की पहिला विचार येतो.' अनोळखी माणसाने फसवलं असतं तर तुम्ही अनोळखी माणसांना घाबरला असता आणि जवळच्यांकडे वळला असता. तुम्हाला फसवलं ते तुमच्या लेखी सगळ्यांत चांगल्या माणसाने. त्यामुळे मनाने हिशेब उलटा मांडला, माणूस जितका चांगला तितका जास्त धोक्याचा. म्हणून भावाच्या फोनची भीती वाटते, गिऱ्हाइकाच्या फोनची तितकी वाटत नसेल. माझा अंदाज असा की तुमचा लोकांवरचा विश्वास दुसऱ्या नंबरला गेला. पहिल्यांदा गेला तो स्वतःच्या पारखेवरचा. 'मला माणूस ओळखता येत नाही' असं एकदा ठरलं की मग सगळ्यांनाच बाहेर ठेवणं एवढा एकच उपाय उरतो.

बरोबर आहे का ते तुम्हीच सांगा. नसेल तर माझं पुढचं बोलणं निरुपयोगी आहे.

टर्निंगवाला

ताई, गिऱ्हाइकाचा फोन आला तर मला काहीच वाटत नाही हे खरं आहे. एक नवीन पार्टी आहे, पैसे उशिरा देते, भांडते, पण तिच्याशी बोलताना मी मोकळा असतो. भावाशी नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढचं सांगा.

निशिगंध७

माझं लिहू का? माझ्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं, चार वर्षांपूर्वी कळलं. मुलांसाठी राहिले. तोही राहिला, म्हणतो संपलं. मी रोज फोन बघते. काही सापडत नाही, तरी बघते. माझ्या मैत्रिणी सुटल्या, माहेरी सांगितलेलं नाही, ऑफिसात डबा एकटी खाते. ताई म्हणतात ते 'चांगलं जमेला धरायचं नाही' अगदी माझंच आहे. मग मीही फोन बघणं बंद करू का?

कळंबा_तलाव

निशिगंध, तुमची गोष्ट वेगळी आहे, म्हणून वेगळं सांगते. टर्निंगवाल्या दादांचा मित्र त्यांच्या आयुष्यातून गेला. ते ज्यांच्यावर पहारा ठेवतात त्या लोकांनी काही केलेलं नाही. तुमच्या बाबतीत ज्याने केलं तोच समोर आहे. तिथे बघणं बंद करा असं मी सरसकट सांगणार नाही, कारण तुमची शंका बिनबुडाची नाही. तिथे बोजा त्याच्यावर आहे. तुम्ही न विचारता त्याने सांगायचं, तुम्ही दहाव्यांदा तेच विचारलं तरी न चिडता उत्तर द्यायचं. हे तो करत नसेल तर तुमच्या फोन बघण्याला आजार म्हणता येणार नाही. जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी ९० च्या दशकात याच विषयावर मांडणी केली, ज्याच्यावर आपण अवलंबून असतो त्याचा दगा मन कधी कधी स्वतःपासूनच लपवतं, कारण दिसलं तर घर कसं चालणार? तुम्हाला दिसलं आणि तरी राहावं लागलं, हा ताण मोठा आहे.

पण मैत्रिणींनी काय केलं होतं? ऑफिसातल्या डब्याचा आणि नवऱ्याचा संबंध मनाने जोडलाय. तो धागा मात्र सोडवता येतो. एका मैत्रिणीपासून सुरू करा, आणि घरातलं तिला सांगायलाच पाहिजे असं काही नाही. वेगळा धागा काढलात तर मी तिथे लिहीन.

कळंबा_तलाव

दादा, आता तुमचं. दोन कामं आहेत, याच क्रमाने करा.

पहिलं काम वही घेऊन बसायचं. त्या कर्जाची गोष्ट पहिल्या दिवसापासून लिहा, पण एक अट आहे. प्रत्येक टप्प्यावर, त्या दिवशी तुम्हाला काय दिसत होतं तेवढंच लिहायचं. नंतर कळलेलं आधी माहीत असल्यासारखं लिहायचं नाही. शेवट माहीत असला की सुरुवातीपासून सगळं स्पष्ट दिसत होतं असं वाटतं, आणि त्यातूनच 'मी आंधळा होतो' हे तयार होतं. लिहून झालं की तीन प्रकार वेगळे करा. जे दिसणं शक्यच नव्हतं, जे दिसलं होतं पण मैत्रीखातर सोडून दिलं, आणि जे त्या मित्राबद्दल तेव्हा खरंच चांगलं होतं आणि आजही खोटं ठरलेलं नाही. तिसरं जड जाईल. तरी लिहा.

लिहून झालं की इथे सांगा, मग दुसरं.

आजोबा_कागलकर

ताईंच्या बोलण्यात तथ्य आहे, परंतु मला एक शंका आहे. माझं वय ७४. माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं त्याला आता ३० वर्षं झाली. मी कुणाकडे गेलो नाही, वही लिहिली नाही. मित्र एकच ठेवला. तेवढं पुरलं. सगळ्यांवर पुन्हा विश्वास ठेवलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? काही माणसं लहान वर्तुळात सुखी असतात.

कळंबा_तलाव

काका, तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. वर्तुळ किती मोठं असावं हे बाहेरच्याने ठरवायचं नाही. तुम्ही एक मित्र निवडलात आणि त्याच्याजवळ मोकळे राहिलात. दादांच्या वर्तुळात आत्ता कुणीच नाही, आणि त्यांना ते सलतंय. त्यांनी विचारलं म्हणूनच मी बोलतेय.

टर्निंगवाला

पंधरवडा झाला, मधे ऑर्डरची गडबड होती. वही लिहिली. रात्री शॉप बंद केल्यावर ऑफिसात बसून लिहायचो.

दिसणं शक्य नव्हतं ते असं. पत्रं परस्पर जातात हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. संस्थेने कधी फोन केला नाही. त्याचा धंदा बाहेरून चालू दिसत होता, शटर रोज उघडं असायचं.

दिसलं होतं ते असं. सही करताना माझ्या पत्त्याची ओळ कोरी होती. मी विचारलं, तो म्हणाला मी भरतो, तुला उशीर होतोय. एकदा मी विचारलं होतं, हप्ते चालू आहेत ना? तो हसला, म्हणाला तुला काय काळजी. त्या दिवशी मनात काहीतरी टोचलं होतं, मला आजही आठवतंय.

तिसरं लिहायला बरेच दिवस लागले. वडिलांच्या वेळी तो खरंच बसला होता. तेव्हा त्याला माझ्याकडून काही नको होतं, माझ्याकडे होतंच काय? हे लिहिताना मला रडू आलं. इतके दिवस मी असं धरून चाललो होतो की तेही नाटकच असणार.

कळंबा_तलाव

दादा, तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंत. आता यातून निघतं काय ते बघा. तुमची पारख मेलेली नव्हती. टोचलं होतं, म्हणजे ती काम करत होती. त्या दिवशी तुम्ही पैशाच्या प्रश्नाला मैत्रीचा पुरावा लावलात. सीपीआरच्या बाकड्यावर बसणारा माणूस संकटात साथ देतो हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं. त्यावरून तो हप्ते वेळेवर भरेल हे मात्र निघत नव्हतं. हप्त्यांचा पुरावा पासबुकात असतो. विश्वास अख्ख्या माणसावर एकगठ्ठा ठेवला की तो एकगठ्ठाच मोडतो. पैशाचा, शब्द पाळण्याचा, गुपित राखण्याचा आणि वेळेला धावून येण्याचा भरवसा, हे वेगवेगळे असतात. एकाच माणसाला एकात दहापैकी नऊ आणि दुसऱ्यात दोन गुण पडू शकतात.

आता दुसरं काम, ऑपरेटरच्या बाबतीत. त्याच्यावर विश्वास 'बसतो' का याची वाट बघू नका, तो आपोआप बसणार नाही. एक लहान, मुदतीची गोष्ट ठरवा, जिच्यात नुकसान झालं तर तुम्हाला झेपेल.

शिरोली_एमआयडीसी

म्हणजे ॲडव्हान्स देऊन बघायचं ना? पाच हजार द्या आणि पगारातून कापून घ्या. जोखीम नाही.

कळंबा_तलाव

पगारातून कापलं तर पैसे परत येणारच, मग त्यातून त्याच्याबद्दल कळणार काय? जिथे तो चुकूच शकत नाही तिथे विश्वासाचा प्रश्नच येत नाही. दुसरं असं की दादांचा घाव पैशावरच आहे, म्हणून पैशापासून सुरुवात नको.

माझं सुचवणं असं आहे. एक आठवडा शॉप सकाळी त्याने उघडायचं, किल्ली त्याच्याकडे. त्या आठवड्यात मोबाइलवर कॅमेरा उघडायचा नाही. कॅमेरा चालू राहू दे, फक्त तुम्ही बघायचं नाही. आणि कपाटाची किल्ली लावून बघणं बंद. सोमवारच्या आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवायचं, 'मला वाटतं अमुक होईल', आणि त्याची शक्यता शंभरपैकी किती तेही. शनिवारी स्टॉक एकदा मोजायचा, कागद उघडायचा आणि काय झालं ते खाली लिहायचं. आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर मन नंतर म्हणतं, मला माहीतच होतं.

पहिले दोन-तीन दिवस जीव वरखाली होईल, आत्ताच सांगते. हात मोबाइलकडे जाईल. बघितलं की तात्पुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच सवय पक्की झाली आहे. न बघता बसलात तर ती अस्वस्थता चढते आणि थोड्या वेळाने स्वतःच उतरते. ती उतरते हा अनुभव तुम्हाला आजवर मिळालेलाच नाही.

एक आणखी. ही लपवून घेतलेली परीक्षा करू नका. टेबलावर मुद्दाम नोटा ठेवून बघणारे लोक मला भेटलेत. समोरच्याला ते कळतं आणि मग राहिलेलं नातंही जातं. त्याला सांगा, 'किल्ली तुझ्याकडे राहू दे.' बाकी कारण किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

शिरोली_एमआयडीसी

आणि त्याने खरंच चोरी केली तर?

कळंबा_तलाव

तर तोटा एका आठवड्याचा, आणि कळेल ते फक्त त्याच्याबद्दल, एकाच बाबतीत. सगळ्या जगाबद्दल काही ठरणार नाही. हे मी हलकेपणाने म्हणत नाही, कधी कधी असं होतंही. म्हणूनच झेपेल एवढंच पणाला लावायचं.

आणि हे सगळं कधी करू नये तेही सांगते. झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, रोज पिणं वाढलं असेल, किंवा सगळे मिळून आपल्याविरुद्ध कट करतायत असं पक्कं वाटत असेल, तर घरगुती प्रयोग करत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, सीपीआरमध्येही हा विभाग आहे. जगून काय करायचं असे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

टर्निंगवाला

पिण्याचा विषय नाही. झोप कमी आहे, पण पूर्वीपेक्षा बरी. कट वगैरे वाटत नाही.

करून बघतो. पण आधी त्याला थांबवावं लागेल, त्याची मुदत या महिनाअखेर संपते.

पेठेतला_गडी

दादा, आधी त्याला चहाला घेऊन बाहेर बसा. शॉपमध्ये मालक-कामगार होतंय. गंगावेशीत दूधकट्ट्यावर जावा, तिथं कोण बी कुणाचा मालक नसतोय.

टर्निंगवाला

आज सविस्तर लिहितो.

गड्याचं ऐकलं. संध्याकाळी त्याला घेऊन गंगावेशीत गेलो. म्हशीचं धारोष्ण दूध समोर आलं, ग्लास हातात घेतला आणि मला सुरुवातच करता येईना. शेवटी एवढंच म्हणालो, "कपाटाचं परत होणार नाही. आणि सकाळी शॉप तू उघडत जा." त्याने कारण विचारलं नाही. ग्लास संपवून म्हणाला, "महिनाभर बघतो. मग सांगतो." म्हणजे राजीनामा मागे घेतलेला नाही, पुढे ढकललाय.

कागदावर मी लिहिलं होतं, 'इन्सर्ट कमी येतील, ८० टक्के. शॉप उशिरा उघडेल, ५० टक्के.' मंगळवारी मी हरलो, कॅमेरा उघडला. तो मशीन पुसत होता. मला स्वतःची लाज वाटण्यापेक्षा त्याची कणव जास्त आली, का ते सांगता येत नाही. गुरुवारी उघडला नाही. छातीत धडधडत होतं, मग एका जॉबचा बोअर मोठा झाला, त्याच्या मागे लागलो आणि नंतर लक्षात आलं की धडधड थांबली होती. शनिवारी मोजलं. एक इन्सर्ट कमी.

शिरोली_एमआयडीसी

बघा.

टर्निंगवाला

मलाही तेच वाटलं, 'बघा'. मग सरळ विचारलं, जे मी आजवर कुणालाच विचारलेलं नाही. तो म्हणाला, बुधवारी तुटला, तुटलेला त्या पत्र्याच्या डब्यात टाकलाय. डबा उपडा केला. सापडला.

कळंबा_तलाव

दादा, मला या सगळ्यात तुमचं विचारणं मोठं वाटतं. त्या मित्राला तुम्ही विचारलं होतं तेव्हा त्याने हसून उडवलं आणि तुम्ही तिथेच थांबलात. या वेळी उत्तर मिळालं आणि तपासता आलं. पहाऱ्यावरचा माणूस विचारत नाही, गुपचूप बघतो. मंगळवारी कॅमेरा उघडला गेला तर जाऊ दे. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा करा, नवीन काही जोडू नका.

आजोबा_कागलकर

छान केलंत. तुमचा तो मित्र आता कुठे आहे?

टर्निंगवाला

पुण्याला आहे म्हणे. तालमीतल्या एकाच्या हातून निरोप आलाय, भेटायचंय, माफी मागायचीय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पेठेतला_गडी

भेटा की दादा. वडलांच्या वक्ताला आला होता ना तो.

निशिगंध७

मी असते तर नसते भेटले. माफी त्याला हलकं वाटावं म्हणून मागायचीय. त्याने पैसे परत करायची भाषा केलीय का?

कसबा_बावडा

नुसतं भेटायला हरकत नाही, पण 'मला काही येणं नाही' असं काही तोंडी बोलू नका, लिहून तर मुळीच देऊ नका. मुदतीच्या आत दावा करायचा की नाही ते आधी ठरवा. पावत्या काढल्यात का?

कळंबा_तलाव

माझं मत निशिगंधच्या जवळ जाणारं आहे, पण पूर्ण नाही. माफ करणं आणि पुन्हा विश्वास ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. माफ करूनही त्याला आयुष्यभर जामीन राहायला नकार देता येतो, आणि माफ न करताही भावाशी मोकळं बोलता येतं. गडी म्हणतो तसं माफीने काहींना खरंच हलकं वाटतं, त्याच्या मामांना वाटलं असेल. पण ते आधी झालंच पाहिजे असं नाही. आत्ता भेटलात तर तुमच्या वहीतलं सगळं पुन्हा ढवळून निघेल. मी तरी थांबले असते.

टर्निंगवाला

बावडाकर, पावत्या काढल्या, सोमवारी वकिलांकडे जातोय. तुमचा पहिला प्रतिसाद तेव्हा मला परका वाटला होता. आता वाटतं, निदान या एका बाबतीत मला करण्यासारखं काही आहे.

मित्राचं ठरत नाही. ताई थांबा म्हणतात, बायको म्हणते भेटा आणि दोन शब्द सुनावून या. बघू.

भावाचं मात्र विचारायचं होतं. त्याने रविवारी जेवायला बोलावलंय, तांबडा-पांढरा करतोय म्हणाला. मी जाईन, पण तिथे बसल्यावर तोच विचार येणार, याला काय पाहिजे. तेव्हा काय करू?

कळंबा_तलाव

विचार येईल. आला की त्याच्याशी भांडू नका, आणि त्याचं ऐकून लवकर उठूही नका. जेवण होईपर्यंत बसा. जायच्या आधी कागदावर लिहा, भाऊ काय मागेल असं वाटतं आणि शंभरपैकी किती. रात्री आल्यावर खाली लिहा, काय मागितलं.

टर्निंगवाला

लिहिलं. '९० टक्के, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाक म्हणेल.'

टर्निंगवाला

रविवार झाला. मुलाच्या नोकरीचं बोलला. मी म्हणालो, बघतो, पण मुलाला एकदा शॉपवर पाठव, मशीन चालवताना बघू दे मला. तो म्हणाला बरं. मग दुसरं वाढण झालं आणि तो वडिलांच्या शेतीच्या जुन्या गोष्टी काढून बसला. घरी यायला अकरा वाजले.

ताई, कागदावर मी ९० टक्के लिहिलं होतं आणि तसंच झालं. हे जमेला धरायचं की खर्ची?

कळंबा_तलाव

त्याने मागितलं, तुम्ही अट घातली, तो बरं म्हणाला आणि तुम्हाला अजून वाढलं. मी दोन्हीकडे लिहिलं असतं. मुलगा शॉपवर येतो का ते बघा, मग बोलू.